कोरडवाहू पाणलोटात समपातळी बांध, बंधारा आणि शेततळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत एकच पाणलोट उदाहरणाला घेतला आहे. एकूण क्षेत्र ४० हेक्टर. त्यात वरचा ८ हेक्टर उघडा माथा, मधली २६ हेक्टर हलकी ते मध्यम शेतजमीन (उतार ३ टक्के) आणि नाल्याकाठची ६ हेक्टर खोल जमीन. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत तीच राहील.

एका मोठ्या पावसात आमच्या पाणलोटातून किती पाणी वाहून जाते?

एक गोष्ट पाठ करून ठेवा: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, म्हणजेच १०,००० लिटर. पुढचा सगळा हिशेब यावरच चालतो.

समजा एका रात्रीत ८० मिलिमीटर पाऊस झाला. पडलेले सगळे पाणी वाहत नाही. काही मुरते, काही खाचखळग्यांत साठते. उघड्या, कठीण माथ्यावरून ४० टक्के आणि शेतातून ३० टक्के पाणी वाहते असे धरू. माथ्यावरून ३२ मिलिमीटर, म्हणजे ८ हेक्टरचे २,५६० घनमीटर. शेतातून आणि खालच्या जमिनीतून २४ मिलिमीटर, म्हणजे ३२ हेक्टरचे ७,६८० घनमीटर. एकूण सुमारे १०,२०० घनमीटर पाणी त्या रात्री नाल्यातून निघून जाते, आणि सुपीक मातीचा वरचा थर सोबत घेऊन जाते.

हे टक्के दगडावरची रेघ नव्हेत. हंगामाच्या पहिल्या पावसात तापलेली, नांगरलेली जमीन बरेच पाणी पिते. तीच जमीन सलग चार दिवसांच्या झडीनंतर निम्म्याहून जास्त पाणी वाहू देते.

नाल्यावर बंधारा आधी बांधावा की शेतात बांध आधी घालावेत?

आधी बांध. वाद घालण्यापेक्षा मोजून पाहिलेले बरे.

बंधाऱ्यात साठणारे पाणी पाचरीच्या आकाराचे असते: भिंतीपाशी सर्वांत खोल, वर जाईल तसे उथळ. भिंत १.५ मीटर, नाल्याची सरासरी रुंदी ६ मीटर आणि तळाचा उतार २ टक्के असेल, तर पाणी मागे ७५ मीटरपर्यंत पसरते. साठा होतो १.५ × ७५ × ६ भागिले २, म्हणजे साधारण ३३७ घनमीटर. त्या रात्रीच्या १०,२०० घनमीटरपुढे हा साठा तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

आता बांधांकडे पाहू. ३ टक्के उतारावर ३० सेंटिमीटर पाणी अडवणारा बांध दर धावत्या मीटरमागे १.५ घनमीटर पाणी धरतो. हेक्टरी ३३३ मीटर बांध लागतो, म्हणजे हेक्टरी ५०० घनमीटर. २६ हेक्टरचे झाले १३,००० घनमीटर. प्रत्यक्षात काही शेते सुटतात, काही बांध खचलेले असतात, म्हणून निम्मेच धरा. तरीही ते बंधाऱ्याच्या वीस पट होते.

बंधारा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. तो हंगामात अनेकदा भरतो, मुरतो आणि पुन्हा भरतो, आणि त्याचे पाणी थेट आसपासच्या विहिरींना लागते. पण वरचे पाणी न अडवता बांधला तर तो पाण्याऐवजी गाळाने भरतो. बंधारा डोळ्यांना दिसतो, फोटोत दिसतो. बांध दिसत नाही. मागणी नेहमी बंधाऱ्याची होते, ती यामुळेच.

समपातळी रेषा शेतात आखायची कशी? महागडे यंत्र लागते का?

दोन साधी साधने पुरतात: ओळंबा लावलेली लाकडी घोडी आणि पाण्याची नळी.

घोडी म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट. दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वर बांधायच्या, खाली पायांत दोन मीटर अंतर ठेवायचे, मध्ये आडवी पट्टी ठोकायची आणि शेंड्यावरून ओळंबा सोडायचा. वापरण्याआधी मध्यखूण काढावी लागते. दोन्ही पाय टेकतील तिथे खुंट्या मारा आणि दोरी पट्टीवर जिथे स्थिरावेल तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर घोडी ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. ही पायरी गाळली तर एक काठी बोटभर लांब असली तरी अख्खी रेषा एका दिशेने घसरत जाते, आणि ते लक्षात येते पहिल्या पावसात.

घोडीने दोन-दोन मीटरने पुढे जाताना लहान चुका साचतात. म्हणून दर २० ते ३० मीटरला पाण्याच्या नळीने तपासा. १५ मीटर पारदर्शक नळी, दोन टोकांना सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या, आणि आत हवेचा एकही बुडबुडा नसलेले पाणी. बुडबुडा राहिला तर वाचन चुकते आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

याच नळीने उतारही मोजता येतो. उताराच्या दिशेने १० मीटर अंतरावर काठ्या धरून वाचनात ३० सेंटिमीटर फरक आला, तर उतार ३ टक्के.

शेवटी सगळ्या खुंट्यांकडे एका टोकाला उभे राहून पाहा. रेषा नागमोडी आली असेल तर एखाददुसरी खुंटी थोडी वर-खाली सरकवून वळण सोपे करा. औत चालले पाहिजे, हेही आखणीचेच काम आहे.

दोन बांधांत अंतर किती ठेवायचे आणि बांध किती उंच करायचा?

अंतर दोन प्रकारे सांगतात. एक म्हणजे वरच्या आणि खालच्या बांधांच्या पातळीतला फरक, म्हणजे उभे अंतर. त्याचे एक प्रचलित सूत्र असे आहे:

```
उभे अंतर (मीटर) = ०.३ × (उतार टक्के ÷ ३ + २)
आडवे अंतर (मीटर) = उभे अंतर × १०० ÷ उतार टक्के
```

३ टक्के उताराला उभे अंतर ०.९ मीटर, आडवे ३० मीटर. २ टक्क्यांना उभे ०.८ आणि आडवे ४० मीटर.

बांधामागे पाणी किती उंच साठेल हे वरून किती पाणी येणार यावर ठरते. दहा वर्षांत एकदा होणारा दिवसभराचा पाऊस १०० मिलिमीटर असेल आणि त्यातला निम्मा वाहणार असे धरले, तर ५ सेंटिमीटर पाणी अडवायचे आहे.

```
पाण्याची उंची (मीटर) = √(वाहणारे पाणी सेंमी × उभे अंतर मीटर ÷ ५०)
√(५ × ०.९ ÷ ५०) = ०.३०
```

ही फक्त साठ्याची उंची. तिच्यावर सांडव्यातून वाहणाऱ्या पाण्याचे १० सेंटिमीटर आणि मोकळी उंची १० सेंटिमीटर, म्हणजे दबलेला बांध ५० सेंटिमीटर हवा. मोकळी माती बसते, त्यामुळे ताजा बांध ६० सेंटिमीटर करा. माथा ४५ सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना दीडास एक उतार दिला की पाया २.२५ मीटर होतो. पायाची रुंदी ऐकून शेतकरी बिचकतात आणि बांध उभट करायला लावतात. उभट बांध दोन पावसांत खाली बसतो आणि पुन्हा पायाची तीच जागा व्यापतो. उंची मात्र गेलेली असते.

बांध घालताना काय चुकते?

सगळ्यात जास्त चुका मातीकामाच्या आधीच होतात. पायाच्या पट्ट्यातले गवत, मुळ्या, पालापाचोळा काढून जमीन बोटभर ते चार बोटे खरवडून घ्यावी लागते, नाही तर जुनी जमीन आणि नवी माती यांची सांधणी होत नाही. मग पाणी बांधाच्या पोटातून नव्हे, बांधाखालून झिरपते. बांधाच्या खालच्या बाजूला, तळाशी, बारीक ओली रेघ दिसली तर तिथून गढूळ पाणी येते का ते पाहा. नितळ पाणी येत असेल तर ते पाझर आहे, चालेल. गढूळ येत असेल तर आतली माती वाहतेय आणि भोक मोठे होत जाणार.

माती बांधाच्या वरच्या बाजूने घ्या, पण सलग चर खोदून नको. तुटक खड्डे घ्या, मध्ये न खोदलेल्या जमिनीचे आडवे पट्टे राहू द्या. सलग चर उताराला जरा जरी कललेला असला तर तोच पाट होतो आणि सगळे पाणी एका टोकाला धावते. खड्डा आणि बांधाचा पायथा यांत हातभर जागा सोडा.

बांधाची टोके वर वळवा. ३० सेंटिमीटर पाणी धरायचे तर ३ टक्के उतारावर टोक निदान १० मीटर वरच्या अंगाला न्यावे लागते. नाही तर पाणी टोकाला वळसा घालून निघून जाते आणि तिथे घळ पडते.

माथा पातळीत हवा, पाया नव्हे. शेतातल्या ओघळीवर जमीन खोल असते, तिथे बांध तेवढा उंच आणि रुंद होतो. जमिनीच्या चढउताराबरोबर सारख्याच उंचीचा बांध घातला तर ओघळीवर माथा खाली जातो, आणि बांध नेमका तिथेच फुटतो.

बांधाला सांडवा खरोखर हवा का? पाणी अडवायचे म्हणून तर बांध घालतो.

हवाच. सांडवा नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात स्वतःचा सांडवा स्वतः तयार करतो, आणि तो माथ्यापासून तळापर्यंतचा असतो. वरचा बांध फुटला की साठलेले सगळे पाणी एका दमात खालच्या बांधावर येते. खालच्याची तयारी एवढ्या लोंढ्याची नसते. एक फुटला की एकामागोमाग एक जातात.

एक हेक्टर क्षेत्राच्या बांधाला दीड मीटर रुंदीचा दगडी सांडवा पुरतो. त्याचा उंबरा शेतातल्या जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे साठवणीच्या पातळीवर ठेवा. खालच्या बाजूला पाणी पडते तिथे दगडांचे पिचिंग करा. एका बांधाचा सांडवा डावीकडे काढला तर खालच्याचा उजवीकडे काढा. पाण्याला पूर्ण शेत आडवे ओलांडावे लागते, वेग मोडतो आणि मुरायला वेळ मिळतो.

आमची जमीन खोल काळी आहे. समपातळी बांध चालेल का?

साध्या समपातळी बांधाच्या भरीस पडू नका. काळ्या चिकणमातीत पाणी फार हळू मुरते. बांधामागे चार-सहा दिवस पाणी तुंबते, वापसा येत नाही, पीक पिवळे पडते. शेवटी वैतागून कुणीतरी रात्री कुदळीने बांध फोडतो. शिवाय उन्हाळ्यात काळी माती भेगाळते. बांधातही भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून आरपार जाते.

अशा ठिकाणी ढाळीचा बांध घाला. रेषेला १०० मीटरमागे २० ते ४० सेंटिमीटर इतकाच ढाळ द्यायचा, म्हणजे पाणी हळूहळू एका बाजूच्या गवताच्या पाटाकडे जाते आणि तिथून नाल्याला किंवा शेततळ्याला मिळते. पाट आधी तयार करा आणि त्यात गवत रुजू द्या, बांध त्यानंतर. उलट क्रमाने केले तर ढाळीचे बांध पाणी गोळा करून उघड्या मातीवर सोडतात आणि घळ तयार होते.

समपातळी रेषा शेताच्या हद्दी मानत नाही. मग काय करायचे?

हा तांत्रिक प्रश्न कमी आणि गावकीचा जास्त. सगळ्या बांधकऱ्यांची तयारी असेल तर रेषेप्रमाणेच करावे. नसेल तर धुऱ्यालाच धरून शेताचे कप्पे करून बंदिस्ती करा: प्रत्येक कप्प्याला चारही बाजूंनी बुटका बांध आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात सांडवा. साठा कमी होतो आणि पाणी एका कोपऱ्यात जमते, पण बांध टिकतो. शेजाऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या शेतातून नेलेला अचूक बांध एक हंगामही टिकत नाही.

बंधाऱ्यासाठी जागा कशी निवडायची?

आधी तळाचा उतार पाहा. वरच्या उदाहरणात उतार २ टक्क्यांऐवजी १ टक्का असता तर त्याच भिंतीमागे पाणी १५० मीटर पसरले असते आणि साठा ६७५ घनमीटर झाला असता. खर्च तोच, पाणी दुप्पट. चढा नाला असेल तर सिमेंटचा बंधारा सोडा आणि अनघड दगडांचे बांध घाला. त्यांचे अंतर असे ठेवायचे की खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत येईल. ५ टक्के उतारावर १ मीटर उंचीचे बांध २० मीटरवर येतात. दगडी बांधाचा मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवायचा, म्हणजे पाणी मधूनच जाते.

दुसरे, काठ. १.५ मीटर भिंतीवरून ६० सेंटिमीटर पाणी वाहणार आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी उंची हवी, म्हणून काठ २.४ मीटर तरी पाहिजेत. काठ दोनच मीटर असतील तर भिंत बुटकी करा.

तिसरे, पाया. तळाशी कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदून पाहा, एकाच नव्हे तर तीन ठिकाणी. वळणावर बंधारा घेऊ नका, पाणी बाहेरचा काठ खाते. आणि विहिरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आहेत का, हेही बघा. पाणी मुरून जाणार ते तिकडेच.

सांडव्याची रुंदी कशी काढतात?

आधी लोंढा काढायचा. वाहण्याचे प्रमाण ०.३, पावसाची तीव्रता तासाला ८० मिलिमीटर, क्षेत्र ४० हेक्टर:

```
०.३ × ८० × ४० ÷ ३६० = २.६७ घनमीटर प्रति सेकंद
रुंदी = २.६७ ÷ (१.७ × ०.६^१.५) ≈ ३.४ मीटर
```

साडेतीन ते चार मीटर घ्या. इथे एक मोह टाळा: वर बांध झालेत म्हणून लोंढा कमी धरू नका. ज्या रात्री वरचे बांध आधीच भरलेले असतात, त्याच रात्री सांडव्याची खरी कसोटी असते.

बंधारा भक्कम दिसतो, तरी फुटतो. कुठून?

भिंत मधून क्वचित तुटते. पाणी तीन वाटा शोधते.

पहिली वाट भिंतीच्या टोकाची. भिंत काठात नीट घुसवलेली नसेल तर पाणी बाजूने माती कापते आणि भिंत नाल्यात एकटी उभी राहते. कठीण काठात निदान ६० सेंटिमीटर ते १ मीटर आत जा, भुसभुशीत काठात त्याहून जास्त. दुसरी वाट पायाखालची: मुरमावर ठेवलेल्या भिंतीखालून पाणी माती ओढते, म्हणून वरच्या अंगाला खोल पडदी भिंत घ्यावी लागते. तिसरी वाट समोरची. सांडव्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी खड्डा करते आणि भिंत पुढे कलते. त्यासाठी पडणाऱ्या उंचीच्या दीड ते दोन पट लांबीचा दगडी किंवा काँक्रीटचा फरशीपट्टा हवा. आपल्या उदाहरणात साधारण ३ मीटर.

शेततळे किती मोठे असावे?

पीक आणि पाळी ठरवा, मग तळे. हेक्टरला ५० मिलिमीटरची एक संरक्षित पाळी म्हणजे ५०० घनमीटर. २० × २० × ३ मीटरच्या तळ्याला दीडास एक उतार दिला तर तळ ११ × ११ मीटर राहतो आणि साठा सुमारे ७४० घनमीटर. लोक २० × २० × ३ गुणून १,२०० सांगतात. तो आकडा उभ्या भिंतीचा आहे आणि मातीत उभी भिंत राहत नाही.

भरलेल्या तळ्यावरून दिवसाला ५ मिलिमीटर वाफ झाली तरी महिन्याला सुमारे ६० घनमीटर जातात. दोन महिन्यांनी हाती उरतील ६०० च्या आसपास, तेही अस्तर असेल तर. म्हणजे तीन एकरांना एक पाळी. पावसाचा खंड पडून दाणे भरायच्या वेळी ती मिळाली तर पीक वाचते. तीन एकर बागायतीचे स्वप्न यात बसत नाही.

तळे नाल्याच्या पात्रात खोदू नका. पहिल्या पुरात गाळाने भरेल. बाजूला घ्या, तोंडाशी गाळ बसायला छोटा खड्डा ठेवा आणि पाणी पिचिंग केलेल्या उतारावरून आत सोडा. खोदलेली माती काठापासून निदान मीटरभर लांब टाका, नाही तर तिचे वजन काठ आत ढकलते.

अस्तर लागेल की नाही हे कसे ओळखायचे?

तळ्याच्या नियोजित खोलीपर्यंत एक चाचणी खड्डा घ्या. एक दिवस पाणी भरून माती भिजू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून चोवीस तासांत पातळी किती उतरते ते मोजा. लहान खड्ड्यात कडेने जास्त झिरपते, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला येतो, पण अंदाज मिळतो. आपल्या तळ्याचा भिजणारा पृष्ठभाग साधारण ४५० चौरस मीटर आहे. दिवसाला २ सेंटिमीटर झिरपले तर ९ घनमीटर जातात आणि तळे दोन महिने टिकते. १० सेंटिमीटर झिरपले तर ४५ घनमीटर, म्हणजे सोळा-सतरा दिवसांत तळे कोरडे. मुरमाड जमिनीत हेच होते. विहिरीचे पुनर्भरण हाच हेतू असेल तर ते उत्तमच, अस्तराची गरज नाही. पाणी उपसून पिकाला द्यायचे असेल तर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घाला. वर सांगितलेल्या तळ्याला काठावरच्या चरात दाबायच्या भागासकट सुमारे २४ × २४ मीटर कागद लागतो.

कागद ताणून बसवू नका, थंडीत आकसतो आणि सांध्यात फाटतो. खालची टोकदार खडी वेचा, वर बारीक मातीचा थर द्या. आणि कुंपण व गाठी मारलेले दोर आधी, पाणी नंतर. ओल्या कागदावरून माणूस किंवा जनावर वर चढू शकत नाही.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी शेततळ्यात भरून ठेवले तर?

जमिनीखाली ते पाणी वाफ न होता सुरक्षित होते. वर आणून उघड्यावर ठेवले की रोज वाफ होते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीची पातळीही उतरते. अशी तळी जितकी वाढतात तितकी खालची पातळी लवकर खचते. शेततळे वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी आहे.

देखभालीला काय लागते?

पहिल्या मोठ्या पावसानंतर, शक्य तर पाऊस चालू असतानाच, छत्री घेऊन फिरा. पाणी कुठून जातेय ते नंतर दिसत नाही. बांधांतली उंदरांची आणि खेकड्यांची बिळे फोडून माती ठोकून बुजवा. वरून माती लोटली तर आतली पोकळी तशीच राहते. बांधावर गवत रुजू द्या, माथ्यावरून औत किंवा गाडी नेऊ नका. बंधाऱ्यातला आणि गाळखड्ड्यातला गाळ उन्हाळ्यात काढा आणि हलक्या शेतात पसरवा, कारण तो त्याच शेतांतून आला आहे. बंधाऱ्यात दरवर्षी खूप गाळ साठत असेल तर बंधारा उपसून थांबू नका, वर चढत जा. एखादा बांध फुटलेला किंवा एखादी ओघळ मोकळी सापडेल.